मागे न वळणारी दोन बोटं

हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. तो सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. त्या वेळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि सरलेल्या चोवीस तासांचा आकडा वहीत लिहायचा, असा शिरस्ता आहे. २७ जुलै २००५ च्या सकाळी मुंबईत सांताक्रूझला असाच एक आकडा लिहिला गेला: ९४४.२ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा ७३.४ मिलिमीटर पाऊस झाला होता. सांताक्रूझचा तो पाऊस मुख्यतः २६ तारखेच्या दुपारनंतर कोसळला, म्हणजे दोन सकाळींच्या मधोमध. त्यामुळे तो एकाच नोंदीत जवळजवळ अख्खा मावला.

प्रत्येक पाऊस इतका सोयीनं येत नाही. समजा, एखाद्या गावी पहाटे अडीचला पाऊस लागला आणि दुपारी अडीचपर्यंत दर तासाला २५ मिलिमीटर या वेगानं पडत राहिला. बारा तासांत ३०० मिलिमीटर झाले. पण सकाळी साडेआठला वहीतला दिवस बदलला. मग आधीच्या दिवसाच्या नावावर १५० आणि पुढच्या दिवसाच्या नावावर १५० अशी वाटणी झाली. नुसती वही चाळणाऱ्याला त्या गावी कधी चोवीस तासांत ३०० मिलिमीटर पाऊस झाला होता हे कळणारच नाही. पुलाखालून किती पाणी जाईल याचा हिशेब करणाऱ्या अभियंत्याला मात्र तोच आकडा हवा असतो. पूर काही साडेआठ वाजता दिवस बदलत नाही.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: तासातासाची नोंद हाती असेल तर कुठल्याही सलग चोवीस तासांत जास्तीत जास्त पाऊस किती झाला? सुरुवात साडेआठला, साडेनवाला, मध्यरात्री, कधीही असू द्या. प्रोग्रॅम लिहायला नुकतंच शिकलेला मुलगा यासाठी एकात एक दोन लूप लिहितो. बाहेरचा लूप सुरुवातीचा तास धरतो, आतला लूप तिथून पुढचे चोवीस तास मोजून बेरीज करतो. मग सुरुवात एका तासानं पुढे सरकते आणि आतला लूप पुन्हा पहिल्यापासून चोवीस आकडे मिळवायला बसतो.

त्याची मेहनत कुठे वाया जाते ते कागदावर लगेच दिसतं. पहिल्या चोवीस तासांच्या बेरजेत आणि एक तास पुढे सरकलेल्या बेरजेत तेवीस आकडे तेच आहेत. एक जुना तास बाहेर गेला, एक नवा आत आला, एवढाच फरक. तर मग जुन्या बेरजेतून गेलेला तास वजा करावा आणि आलेला तास मिळवावा. खिडकी चोवीस तासांच्या रुंदीची आहे आणि ती वहीवरून डावीकडून उजवीकडे सरकते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. म्हणूनच या पद्धतीला स्लायडिंग विंडो म्हणतात, सरकती खिडकी. वर्षाचे ८,७६० तास असतील तर दर वेळी नव्यानं बेरीज करणाऱ्याला दोन लाखांहून अधिक मिळवण्या कराव्या लागतात. सरकत्या खिडकीला साडेसतरा हजारांच्या आसपास मिळवण्या-वजाबाक्या पुरतात. खिडकी तीस दिवसांची केली तर पहिल्याचं काम तीस पट वाढतं, दुसऱ्याचं जवळपास तेवढंच राहतं.

इथे एक व्यवहारातली अडचण सांगून ठेवतो, कारण ती वर्षाच्या शेवटी दिसते आणि तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, आणि ०.१ हा आकडा त्या पद्धतीत नेमका मावत नाही. प्रोग्रॅममध्ये `0.1 + 0.2` करून पाहा, उत्तर `0.30000000000000004` येतं. दर वेळी नव्यानं बेरीज केली तर ही कसर तिथल्या तिथे राहते. सरकत्या खिडकीत मात्र कालची बेरीज आजच्या बेरजेचा पाया असते, त्यामुळे कसर पुढे पुढे वाहत जाते आणि कोरड्या महिन्यातसुद्धा बेरीज शून्यावर येत नाही, शून्याच्या जवळ कुठेतरी लटकते. उपाय साधा आहे. पाऊस मिलिमीटरात न लिहिता मिलिमीटरच्या दशांशांत लिहावा. ९४४.२ च्या जागी ९,४४२ हा पूर्णांक ठेवावा. पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीत कसर राहत नाही.

आतापर्यंतच्या खिडकीची रुंदी ठरलेली होती. तिची दोन्ही टोकं एकत्र चालत होती, म्हणून तिच्यात फारसं कोडं नव्हतं. खरी गंमत रुंदी मोकळी सोडल्यावर सुरू होते.

आता प्रश्न बदलू. रोजच्या पावसाची वही समोर आहे. कमीत कमी किती सलग दिवसांत २०० मिलिमीटर पाऊस पडला? डोंगरउताराची माती भिजून सैल होण्याच्या दृष्टीनं हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तोच पाऊस तीन दिवसांत पडला की दहा दिवसांत, यानं फरक पडतो. उदाहरणासाठी दहा दिवसांचे मनाचे आकडे घेतो, मिलिमीटरात: २०, ५०, १०, ९०, ६०, २५, १२०, ४०, ०, ३०.

एकात एक लूप लावले तर प्रत्येक दिवसापासून प्रत्येक पुढच्या दिवसापर्यंतचा तुकडा तपासावा लागेल. दहा दिवसांचे असे ५५ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याची बेरीज नव्यानं करायची म्हटलं तर एकूण २२० आकडे वाचावे लागतात. दहा दिवसांना ते चालून जाईल. शंभर वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे ३६,५२५ दिवस. त्यांचे तुकडे सुमारे ६६ कोटी ७० लाख होतात.

त्याऐवजी वहीवर दोन बोटं ठेवा. डावं बोट तुकड्याच्या पहिल्या दिवसावर, उजवं शेवटच्या. दोन्ही पहिल्या दिवसावर असताना बेरीज २०. उजवं बोट एकेक दिवस पुढे न्या: ७०, ८०, १७०, आणि पाचव्या दिवशी २३०. दोनशे ओलांडले, तुकडा पाच दिवसांचा. आता डावं बोट उचलून पाहू. पहिल्या दिवसाचे २० गेले, २१० उरले. अजूनही दोनशेच्या वर आहोत आणि तुकडा चार दिवसांचा झाला. आणखी एक पाऊल टाकलं, ५० गेले, १६० उरले. आता कमी पडलं, म्हणून डावं बोट तिसऱ्या दिवशी थांबतं.

पुन्हा उजव्याची पाळी. सहाव्या दिवसाचे २५ मिळवून १८५. सातव्याचे १२० मिळवून ३०५. डावं बोट चालू लागतं. तिसऱ्या दिवसाचे १० सोडले, २९५ राहिले, तुकडा चार दिवसांचा. चौथ्याचे ९० सोडले, २०५ राहिले, आणि तुकडा पाच ते सात असा तीन दिवसांचा झाला. पाचव्याचे ६० सोडले तर १४५ उरतात, म्हणून डावं बोट सहाव्या दिवशी थांबतं. पुढे आठव्या दिवशी १८५, नवव्या कोरड्या दिवशीही १८५, दहाव्या दिवशी २१५. तुकडा पाच दिवसांचा. सहावा दिवस सोडला की १९० उरतात. वही संपली. उत्तर तीन दिवस.

उजव्या बोटानं दहा दिवस पाहिले, डावं बोट पहिल्यापासून सातव्यापर्यंत सहा पावलं चाललं. एकूण सोळा हालचाली. कुठलंही बोट एकदाही मागे आलं नाही.

मला यातलं हे ‘मागे न येणं’ सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि शिकवताना तेच सर्वांत घाईनं उरकलं जातं. ५५ तुकड्यांपैकी बहुतेक आपण पाहिलेच नाहीत. न पाहताच ते बाद कसे ठरवले? तो अधिकार कुठून आला? बोटं कशी हलवायची हे पाठ करून भागत नाही. वेगळा प्रश्न समोर आला की हा अधिकार आहे की नाही ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

तर बघू. डावं बोट तिसऱ्या दिवशी होतं, उजवं सातव्या दिवशी, बेरीज ३०५. आपण तिसरा दिवस सोडून पुढे गेलो. त्यामुळे तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत, नवव्यापर्यंत, दहाव्यापर्यंतचे तुकडे आपण न पाहता टाकले. ते टाकले यात नुकसान नाही, कारण तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतच दोनशे भरले आहेत. त्याच दिवशी सुरू होऊन पुढे लांबणारा कुठलाही तुकडा त्याहून मोठाच असणार आणि आपल्याला सर्वांत लहान हवा आहे. तिसऱ्या दिवसाकडून मिळण्यासारखं सगळं मिळून चुकलं.

दुसरी बाजू. उजवं बोट सहाव्या दिवशी होतं आणि तिसऱ्यापासूनची बेरीज १८५ होती. आपण चौथ्यापासून सहाव्यापर्यंतचा किंवा पाचव्यापासून सहाव्यापर्यंतचा तुकडा मोजला नाही, सरळ सातव्या दिवसाकडे गेलो. तेही बरोबर, कारण मोठ्या तुकड्यातच दोनशे भरले नाहीत तर त्याच्या आतल्या छोट्या तुकड्यात कसे भरतील? पाऊस शून्य असेल, थेंबभर असेल, पण उणे कधी नसतो. दिवस वाढवला तर बेरीज वाढते किंवा तेवढीच राहते, दिवस काढला तर घटते किंवा तेवढीच राहते. सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

हीच हालचाल प्रोग्रॅममध्ये लिहिली तर अशी दिसते. `rain` म्हणजे पावसाची यादी आणि `need` म्हणजे हवा असलेला पाऊस.

```python
def shortest(rain, need):
    left = 0
    total = 0
    best = None
    for right in range(len(rain)):
        total += rain[right]
        while total >= need:
            length = right - left + 1
            if best is None or length < best:
                best = length
            total -= rain[left]
            left += 1
    return best
```

हा प्रोग्रॅम पाहून विद्यार्थी हमखास विचारतात, ‘सर, इथेही `for` च्या आत `while` आहेच की. मग हे एकात एक लूप नाहीत का?’ शंका रास्त आहे. लिहिण्यात ते एकात एक आहेत, चालण्यात नाहीत. साध्या दुहेरी लूपमध्ये बाहेरचा एक पाऊल पुढे गेला की आतला पुन्हा सुरुवातीला परततो. इथे `left` ला परत शून्यावर आणणारी ओळच नाही. तो सुरुवातीला शून्य झाला आणि त्यानंतर फक्त वाढत गेला. एखाद्या दिवशी आतला लूप दहा वेळा फिरेल, पण ती दहा पावलं पुन्हा कधी टाकता येणार नाहीत. म्हणून एका फेरीत किती काम झालं हे मोजण्यापेक्षा पूर्ण प्रवासात प्रत्येक बोट किती चाललं ते मोजावं. शंभर वर्षांच्या वहीत उजवं बोट ३६,५२५ पावलं चालेल, डावं जास्तीत जास्त तेवढीच. दोन्ही मिळून ७३,०५०, त्या ६६ कोटी ७० लाखांच्या जागी.

या छोट्या प्रोग्रॅममध्ये चुका बहुधा दोनच ठिकाणी होतात. पहिली `+ 1` विसरण्याची. पाच ते सात हे तीन दिवस आहेत, पण सातातून पाच गेले दोन. दुसरी, शेवटी उत्तर सांगताना. सबंध वहीत कधीच २०० भरले नाहीत तर `best` मध्ये `None` राहतो, आणि तो तसाच परत यायला हवा. काही जण तिथे सुरुवातीला यादीची लांबी ठेवतात. मग पाऊस न भरलेल्या वर्षीही प्रोग्रॅम ‘दहा दिवस’ असं उत्तर देतो आणि ते खरं वाटतं.

दोन बोटांची आणखी एक चाल आहे. त्यात बोटं एकामागोमाग जात नाहीत, दोन टोकांकडून एकमेकांकडे येतात. गोदामात आठ गोण्या वजनाच्या चढत्या क्रमानं लावल्या आहेत: ३८, ४१, ४५, ४७, ५२, ५५, ५८, ६३ किलो. बरोबर शंभर किलो होईल अशी जोडी हवी आहे. जोड्या २८ आहेत. एक बोट सर्वांत हलक्या गोणीवर ठेवा, दुसरं सर्वांत जड गोणीवर. ३८ आणि ६३ मिळून १०१ होतात, एक किलो जास्त. ६३ ची गोणी सर्वांत हलक्या गोणीबरोबरही शंभर ओलांडते, तर इतर कुणाबरोबरही ओलांडणारच. तिच्या सगळ्या जोड्या एका झटक्यात बाद झाल्या. पुढे ३८ आणि ५८, बेरीज ९६. उरलेल्यांतली सर्वांत जड गोणी जोडीला असूनही ३८ कमी पडतेय, म्हणून ती बाद. ४१ आणि ५८ मिळून ९९, म्हणून ४१ बाद. ४५ आणि ५८ मिळून १०३, म्हणून ५८ बाद. ४५ आणि ५५ मिळून शंभर. पाच मापांत काम झालं. ही चाल जुनी आहे. टोनी होअर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्विकसॉर्ट या क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतही यादीच्या दोन टोकांकडून दोन खुणा एकमेकींकडे येतात आणि चुकीच्या बाजूला असलेले आकडे अदलाबदल करत जातात.

गोण्या क्रमानं लावलेल्या नसतील तर मात्र ही जोडी शोधण्याची चाल कोसळते. ‘सर्वांत हलकीबरोबरही जास्त होतेय’ असं म्हणता येतं, कारण डावं बोट खरोखर सर्वांत हलक्या गोणीवर आहे. क्रम गेला की ते विधान गेलं, आणि गोणी बाद करण्याचा अधिकारही गेला. पावसाच्या वहीत हेच काम ‘उणे आकडा नाही’ ही अट करत होती.

आणि ती अट वाटते तितकी पक्की नसते. पाऊस उणे नसतो हे खरं, पण पावसाची फाइल उणे असू शकते. हवामानाच्या संगणकी नोंदींत ज्या दिवसाचा आकडा मिळालाच नाही, तिथे बऱ्याचदा -९९९ लिहिलेलं असतं. यंत्र बंद होतं, नोंद हरवली, एवढाच त्याचा अर्थ. पण प्रोग्रॅमला तो अर्थ कळत नाही, तो बेरजेत ९९९ मिलिमीटर वजा करतो. तिथे शून्य लिहून टाकणंही बरोबर नाही, कारण त्यामुळे न मोजलेला दिवस कोरडा ठरतो. माझ्या मते अशा दिवशी वही फाडावी. म्हणजे तो दिवस आला की दोन्ही बोटं उचलून त्याच्या पलीकडे नव्यानं ठेवावीत, बेरीज शून्य करावी, आणि दोन्ही बाजूंचे तुकडे वेगवेगळे तपासावेत.

काही वह्यांत तर उणे आकडा चुकीनं येत नाही, तो खराच असतो. धरणाच्या साठ्याचं उदाहरण घ्या. पाण्याची आवक जास्त असेल तर साठा वाढतो, विसर्ग जास्त असेल तर घटतो. एका धरणात सुरुवातीला ४० दशलक्ष घनमीटर पाणी आहे असं समजू. पाच दिवसांतला रोजचा बदल असा: १२ ची वाढ, ९ ची घट, मग ८, ७ आणि ६ ची वाढ. प्रश्न तोच: साठा निदान २० नं वाढायला कमीत कमी किती सलग दिवस लागले?

वरचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवू. बेरीज १२, मग ३, ११, १८ आणि पाचव्या दिवशी २४. वीस ओलांडले, तुकडा पाच दिवसांचा. डावं बोट पहिल्या दिवसाचे १२ सोडतं, १२ उरतात. कमी पडले, म्हणून बोट थांबतं. वही संपली, उत्तर पाच दिवस. पण शेवटचे तीन दिवस मिळवून पाहा: ८, ७ आणि ६ मिळून २१. खरं उत्तर तीन आहे.

चूक नेमकी कुठे झाली? बेरीज १२ झाल्यावर डावं बोट थांबलं, कारण ‘आणखी दिवस सोडला तर बेरीज अजून घटेल’ असं ते धरून चाललं होतं. पुढचा दिवस मात्र ९ च्या घटीचा होता. तो सोडला असता तर बेरीज १२ वरून २१ वर चढली असती. अट मोडली आणि बोटाला ते कळलं नाही. अशा चुकीचा खरा धोका म्हणजे प्रोग्रॅम अडखळत नाही, तक्रार करत नाही, नीटनेटकं उत्तर देतो. पाच दिवस हे उत्तर अशक्यही वाटत नाही.

ती पकडायचा मला माहीत असलेला भरवशाचा मार्ग एकच आहे, आणि तो मी प्रत्येक वर्गात करायला लावतो. एकात एक लूपवाला संथ प्रोग्रॅम फेकून द्यायचा नाही. पाच-सहा आकड्यांच्या छोट्या याद्या संगणकाकडून यदृच्छेनं हजारोंनी बनवून घ्यायच्या, त्यांत शून्य आणि उणे आकडेही येऊ द्यायचे, प्रत्येक यादी दोन्ही प्रोग्रॅमना द्यायची आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं. याद्या छोट्याच ठेवायच्या, कारण चूक सापडल्यावर ती हातानं कागदावर तपासता यायला हवी. वरची पाच दिवसांची वही तितकीच लहान आहे, म्हणून तर तिच्यातली चूक दोन ओळींत दाखवता आली.

मग धरणाच्या प्रश्नाचं काय? पुन्हा दुहेरी लूपकडे जायचं का? नाही. फक्त वही बदलायची. रोजचा बदल लिहिण्याऐवजी रोज संध्याकाळचा साठा लिहू: सुरुवातीला ४०, मग ५२, ४३, ५१, ५८, ६४. आता प्रश्न असा होतो: कुठल्या दोन संध्याकाळींमध्ये साठा निदान २० नं वाढला, आणि त्यांतल्या सर्वांत जवळच्या दोन कोणत्या? प्रत्येक संध्याकाळी आपण मागे वळून विचारतो, की आजच्या साठ्यापेक्षा निदान २० नं कमी साठा असलेली सर्वांत अलीकडची संध्याकाळ कोणती?

त्यासाठी मागच्या सगळ्याच संध्याकाळी लक्षात ठेवायची गरज नाही. पहिल्या संध्याकाळी ५२ होते, दुसऱ्या संध्याकाळी ४३. दुसरी नंतरची आहे आणि तिचा साठाही कमी आहे. पुढे कुठल्याही दिवशी जिथे ५२ वरून मोजून वीस भरतील, तिथे ४३ वरून ते नक्कीच भरतील, आणि तेही कमी दिवसांत. म्हणून ४३ आले त्या क्षणी ५२ ला यादीतून काढून टाकायचं. असं करत गेलं की हाती उरलेल्या संध्याकाळींचे साठे आपोआप चढत्या क्रमानं राहतात. रोजच्या बदलाच्या वहीत जो क्रम नव्हता, तो इथे आपण तयार करून घेतला.

हातानं करून पाहू. यादीत ४० आहे. पहिल्या संध्याकाळी ५२. चाळीसपासून फक्त १२ वाढले, म्हणून ५२ मागे लावले. दुसऱ्या संध्याकाळी ४३; वाढ ३, पण ५२ निघून गेले, यादी ४०, ४३. तिसऱ्या संध्याकाळी ५१. वाढ ११, यादी ४०, ४३, ५१. चौथ्या संध्याकाळी ५८. वाढ १८, अजून दोन कमी, यादी ४०, ४३, ५१, ५८. पाचव्या संध्याकाळी ६४. पुढच्या टोकाला ४० आहे, वाढ २४, पाच दिवस. चाळीसला मिळायचं ते मिळालं. उद्या किंवा परवा संपणारा तुकडा याहून लांबच होणार, म्हणून ते यादीतून बाहेर. आता पुढे ४३ आहे, वाढ २१, तीन दिवस. तेही बाहेर. मग ५१, वाढ १३. इथे थांबायचं, कारण यादी चढती आहे आणि ५१ च्या मागचे सगळे त्याहून मोठे आहेत.

या यादीला दोन्ही टोकांनी उघडणारी रांग लागते, पायथॉनमध्ये तिला `deque` म्हणतात. नवी संध्याकाळ मागच्या टोकानं आत येते. ती येताना तिच्याहून जास्त किंवा तिच्याइतका साठा असलेल्या संध्याकाळी त्याच टोकानं बाहेर जातात, आणि जिचा हिशेब पूर्ण झाला ती पुढच्या टोकानं जाते. प्रत्येक संध्याकाळ एकदाच आत येते आणि फार तर एकदाच बाहेर पडते. शंभर वर्षांच्या वहीतसुद्धा आत येणं आणि बाहेर जाणं मिळून हिशेब ७३ हजारांच्या आसपासच राहतो, मग विसर्गानं साठा कितीही वेळा खाली आला असला तरी.